सप्ताहाच्या भजनाला गिटार: कॉर्ड नेमकी कुठल्या अक्षरावर लिहायची?

चिखलकालो
नमस्कार मंडळी. आमचं गाव फोंडा तालुक्यात. श्रावणातल्या भजनी सप्ताहात रात्री साडेआठची एक पाळी युवक मंडळाकडे असते. यंदा मुलांनी हट्ट धरला की एक गाणं गिटारवर करायचं. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी शब्द लिहून दिले, चाल आमच्यातल्याच एका मुलीने लावली. गाणारी पोरं चौदा, दोन गिटार, पेटी आणि तबला. गिटारवाले दोघेही शिकाऊ, म्हणून मी सोप्या कॉर्ड लिहून दिल्या:

```
D                    A
तुझ्या दारी उभे आम्ही, रिते हात जोडोनी

D        A         G        D
नको सोने नको नाणे, नाम तुझे ओठी दे
```

स्ट्रमिंग मी नेटवर सगळीकडे दिसतं तेच दिलंय:

```
१ २ ३ ४ ५ ६ ७ ८
↓ . ↓ ↑ . ↑ ↓ ↑
```

गिटार एकटी वाजली की छान वाटते. पेटी-तबल्याबरोबर बसवलं की दुसऱ्या आवर्तनापासूनच ओढाताण सुरू होते, लय पळते आणि तबलजी माझ्याकडे बघायचं बंद करतो. शिवाय 'नको नाणे'ला काहीतरी आंबट लागतं. पेटीवाले काका म्हणतात "तुमची ती गिटार बेसूर आहे", पण ट्यूनर हिरवा दाखवतो. पंधरा दिवस आहेत. काय चुकतंय?

सहा_तारा
पॅटर्न बरोबर आहे, अगदी हाच मीही शिकवतो. अडचण तुझ्या पोरांच्या हातात आहे. हात घड्याळाच्या लंबकासारखा सतत खाली-वर हलता राहिला पाहिजे, तारेला लागो न लागो. पाचव्याला खाली मारत असतील तर सगळा झोल तिथेच. मेट्रोनोम ८० वर लाव आणि अर्धा तास नुसत्या डीवर घासायला सांग. बाकी हे फोर-फोर आहे, आठ मात्रा म्हणजे आठ अर्ध्या, गाणं कुठूनही सुरू कर, काही फरक पडत नाही.

चिखलकालो
दादा, "पाचव्याला खाली मारू नका" हे मी पोरांना सांगितलं, तर तबलजी म्हणाला पाचव्याला तर खालीच असते! पाच मिनिटं नुसता गोंधळ. शेवटी फळ्यावर बाण काढले.

घुमटवाला
😂 खालीच्या जागी खाली नाही मारायचं. बरोबर आहे की.

पेटीकार
मी पेटीवर चाळीसेक वर्षं बसतोय. गिटार वाजवत नाही, पण आमच्या मंडळात नातू वाजवतो, त्यामुळे हा घोळ घरचाच आहे.

सहा_तारा यांचा पॅटर्न ठीक, पण "कुठूनही सुरू कर" हे चुकीचं, आणि तुमची निम्मी अडचण तिथेच आहे. चिखलकालो, एक काम करा. गिटार बाजूला ठेवा, तबलजीला साधा केहरवा धरायला सांगा आणि मुलांना नुसतं गाऊ द्या. 'धा' नेमका कुठल्या अक्षरावर पडतो ते इथे लिहा. त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

देवळाजवळचा
सप्ताहात गिटार कशाला आणि? टाळ, पखवाज, पेटी आहे ना. उद्या ड्रमसेट आणाल.

बार्देसकर
म्हापशाला आमच्या शेजारचा मुलगा चर्चच्या क्वायरमध्ये वाजवतो, त्याच्याकडून मी थोडं शिकलो. त्याने मला दुलपदाचं स्ट्रमिंग शिकवलंय: खाली, खाली-वर, खाली, खाली-वर, असं सहाचं. फार गोड डोलतं. भजनाला तेच लावा, आपल्या गोंयच्या मातीतलं वाटेल.

पेटीकार
बार्देसकर, दुलपद सहाच्या चालीत आहे, हे गाणं आठ मात्रांचं. सहाचं स्ट्रमिंग आठात घातलं तर तिसऱ्या आवर्तनाला तुम्ही एका गावात आणि तबला दुसऱ्या गावात. दादऱ्यातलं भजन असेल तेव्हा जरूर वापरा, तिथे शोभेल.

देवळाजवळचा, गिटार हवी की नको हे तुमच्या देवस्थानची समिती ठरवेल. मुलगा विचारतोय ते वेगळं आहे.

चिखलकालो
काका, केलं. तबलजीने सम 'उभे'च्या 'उ'वर दिली. नंतरची 'जोडोनी'च्या 'जो'वर. अंतऱ्यात दुसऱ्या 'नको'चा 'न' आणि 'ओठी'चा 'ओ'. म्हणजे 'तुझ्या दारी' समेच्या आधीच येऊन जातं. मी गाणं जिथून सुरू होतं तीच 'एक' धरली होती.

पेटीकार
तेच. आता मात्रा मांडून बघा. तुमच्या मास्तरांनी चार-चार अक्षरांचे तुकडे केलेत, त्यामुळे हे इतकं स्वच्छ मांडता येतं. नाहीतर एका अक्षराला दोन-दोन मात्रा देत बसावं लागलं असतं.

```
मात्रा: ५ ६ ७ ८     | १ २ ३ ४   | ५ ६ ७ ८   | १ २ ३ ४
शब्द:  तु झ्या दा री | उ भे आ म्ही | रि ते हा त | जो डो नी ऽ
कॉर्ड:              | D         |           | A
```

गाणं पाचव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठतं. तुम्ही डी लिहिलीत 'तुझ्या'वर, मुलांनी तिथेच पॅटर्नचा पहिला जोरकस घाव मारला. मग काय झालं बघा. गिटारची 'एक' तबल्याच्या पाचवर पडली. तुमच्या पॅटर्नमध्ये पाचव्याला हात तारेला लागत नाही. ती मोकळी जागा आली नेमकी तबल्याच्या समेवर. तबलजी 'धा' मारतोय आणि त्याच क्षणी दोन्ही गिटार गप्प. तो 'ना' वाजवून हलका होतो तिथे गिटारचा धबाका. पोरं मग ज्याचा आवाज मोठा त्याच्यामागे जातात, तबलजी ओढून आणायला बघतो, आणि त्या रेटारेटीत लय पळते. हात शिकाऊ आहेत म्हणून हे होत नाही. उलट ती दिलेलं इमानदारीने वाजवतायत म्हणूनच होतं.

तोच पॅटर्न अर्धं आवर्तन सरकवा. 'तुझ्या दारी' पहिल्या वेळी नुसत्या आवाजात घ्या, गिटार नाही, तबला नाही. 'उ'वर सगळे एकदम. आता गिटारची मोकळी जागा तबल्याच्या खालीवर येते. केहरव्यात चौथ्यापासून सहाव्या मात्रेपर्यंत डग्गा घुमत नाही, नुसती चाट बोलते. तिथे गिटारही हलकी झाली की दोघं एका अंगाने चालतात. हा योगायोगच आहे, तो पॅटर्न करणाऱ्याने केहरवा डोक्यात ठेवून केलेला नाही. पण बसतो झकास.

सहा_तारा
मान्य, पाटी पुसली 🙏 सुरुवात आधी होते हे माझ्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे क्लासमध्ये पोरं गाणी उतरवतात ती अशीच, ओळीच्या पहिल्या शब्दावर कॉर्ड टाकून मोकळी. नेटवरच्या शीटमध्ये तर अक्षर कधीच नेमकं नसतं, मोबाइलवर ओळ मोडली की कॉर्ड भलत्याच शब्दावर जाऊन बसते.

एक शंका. 'जोडोनी'ची ए पुढच्या 'तुझ्या दारी'खालीही तशीच चालू राहणार ना? मग दुसऱ्यांदा 'तुझ्या'वर ए, आणि 'उ'वर डी?

पेटीकार
हो, आणि तेच हवंय. 'तुझ्या दारी' खालच्या पंचमावरून चढतं असं धरतो: प ध सा रे, आणि 'उ' गंधारावर. चिखलकालो, बरोबर आहे का? तसं असेल तर ए त्या चढाला पोषक आहे, आणि समेला डी आली की घरी आल्यासारखं वाटतं. तुमच्या आधीच्या लिखाणात डी आधीच येऊन बसली होती, मग समेवर कुणी यायचंच उरलं नाही.

चिखलकालो
अगदी तसंच आहे. मंद्र पंचम, धैवत, सा, रे, आणि 'उभे' गंधारावर. 'रिते हात' ग म प म. 'जोडोनी' रे ग रे, शेवटच्या वेळी रे रे सा.

आज संध्याकाळी पोरांना बोलावलंय.

तिठा
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला गिटार हवी आहे. पणजीत चांगली कुठे मिळेल? तीन-चार हजारांत येईल का? नायलॉनची घ्यावी की स्टीलची?

सहा_तारा
नऊ वर्षांना नायलॉन, लहान मापाची. बोटं कमी दुखतात. बाकी वेगळा धागा काढा, इथे भजन चाललंय.

चिखलकालो
काल रात्रीचा वृत्तान्त. पहिली दहा मिनिटं फजिती, कारण दोघांचा हात 'तुझ्या'वर आपोआप उठतो. मग तबलजीने युक्ती सांगितली: 'तुझ्या दारी' होईपर्यंत गिटारवाल्यांनी टाळ्या द्यायच्या, हात तारेपासून लांब. तिसऱ्या प्रयत्नाला 'उ'वर सगळे एकत्र आले आणि पेटीवाल्या काकांनी पहिल्यांदा मान हलवली. लय पळाली नाही.

पण 'नको नाणे' अजून आंबट. काका अजून म्हणतात गिटार बेसूर आहे.

सावळी
चालीत तिथे कोमल निषाद आहे का? तुमच्या त्या मुलीला विचारा. मी सत्तरी तालुक्यातली, आमच्या बायकांच्या भजनात अंतरा वर गेला की नी हमखास उतरतो. पेटीवर बघितलं की लगेच कळतं.

चिखलकालो
विचारलं. तिला कोमल-बिमल माहीत नव्हतं, "तसंच बरं वाटतं" म्हणाली 😄 पेटीवर वाजवून घेतलं: 'नको सोने' प ध सां सां, 'नको नाणे' नी नी ध प, आणि तो नी कोमलच आहे. 'नाम तुझे' म म ग म. 'ओठी दे' पंचमावर.

पेटीकार
सावळीबाईंनी बरोबर पकडलं. आता आंबट का लागतं ते बघू. सा जर डी, तर शुद्ध नी म्हणजे सी शार्प, कोमल नी म्हणजे सी. तुमच्या ए कॉर्डमध्ये सी शार्प आहे. पोरं गातायत सी आणि गिटार वाजवतेय त्याला अगदी खेटून असलेला सी शार्प. ट्यूनर हिरवा दाखवणारच, तारा सुरातच आहेत. आणि तुमच्या पेटीवाल्यांचा कानही खोटा नाही, फक्त दोष त्यांनी वाद्याला लावला, तो कॉर्डचा आहे. खात्री करायची असेल तर ए धरून दुसरी तार तेवढी वाजू देऊ नका. आंबटपणा गेला तर दोषी तीच तार.

'नको नाणे'खाली सी लावा. सी, ई, जी. गायचा नी त्यातच आहे. पुढे 'नाम तुझे'ला जी, 'ओठी'ला डी. तुमची मूळ जी आणि डी बरोबरच होती, एकच अक्षर बदलतंय.

```
मात्रा: ५ ६ ७ ८    | १ २ ३ ४   | ५ ६ ७ ८   | १ २ ३ ४
शब्द:  न को सो ने | न को ना णे | ना म तु झे | ओ ठी दे ऽ
कॉर्ड: D          | C         | G         | D
```

दोन सांधे मात्र सांभाळा. ध्रुपद शेवटच्या वेळी 'सा'वर थांबतं, तेव्हा 'जोडोनी'ची ए चारच मात्रा ठेवून पाचव्याला डी घ्या, म्हणजे 'नको सोने' डीवर उठेल. आणि 'ओठी दे'नंतर परत 'तुझ्या दारी' येतं, तिथे पाचव्याला ए. कॉर्ड समेवरच बदलावी असा नियम मी केलेला नाही. कुठे बदलते ते मुलांना मात्रेने माहीत असावं, एवढंच.

सहा_तारा
सी चालेल, पण माझं मत ए मायनर. त्यातही सी आहेच, बोटंही जवळ. शिवाय चिखलकालोने ए लिहिली होती, तिला फक्त मायनर केलं की झालं. थिअरीने दोन्ही बरोबर.

पेटीकार
स्वराच्या हिशेबाने बरोबर, भांडण नाही. पण आत्ताच 'जोडोनी'ला ए मेजर वाजलीय, आणि लगेच अंतऱ्यात ए मायनर आली की ओळ एकदम उदास होते. 'नको सोने नको नाणे' असं म्हणणारा माणूस रडवेला नाही, तो मोकळा आहे. सीने ती ओळ उघडते. हा माझा कान झाला. नातवाला विचाराल तर तो तुमच्या बाजूने बोलेल.

सावळी
मला विचाराल तर तिथे कॉर्ड बदलूच नका. सगळ्या अंतऱ्याला सा-प धरून ठेवा, तानपुऱ्यासारखं. आपल्या भजनात सूर गळ्याने बदलतो, खाली जमीन तीच राहते. सी-जी-डी आलं की गाणं एकदम दुसऱ्याच कुठल्या गावातलं वाटायला लागतं.

सहा_तारा
हे गिटारवर सोपं आहे. डीचा आकार धरायचा आणि पहिली तार सोडून मधल्या तीनच वाजवायच्या: चौथी, तिसरी, दुसरी. सा, प, वरचा सा. गंधार त्या पहिल्या तारेवरच असतो, तो गेला की मेजर-मायनर काही उरत नाही. पण शिकाऊ पोरांना तीनच तारांत हात अडकवून ठेवणं जड जाईल, हात सैल असतो त्यांचा.

चिखलकालो
दोन्ही करून बघितलं. सीने आंबटपणा एका झटक्यात गेला, पेटीवाले काका "आता सुरात आली" म्हणाले. (ट्यूनर तोच, तारा त्याच!) सा-प धरलं तेव्हा चाल लावणारी मुलगी खूश, पण गिटारवाले हिरमुसले, "मग आम्ही कशाला" म्हणाले. सध्या असं ठरलंय की पहिला अंतरा सा-पवर आणि दुसरा सी-जी-डीवर. हे बरं की वाईट माहीत नाही, ऐकायला बदल वाटतो.

आता नवी भानगड. सप्ताहात आधीची पाळी काळी दोनमध्ये संपते आणि पेटीवाले काका पट्टी बदलायला तयार नाहीत. आम्ही बसवलंय पांढरी दोनमध्ये.

पेटीकार
अर्ध्या सुराचाच प्रश्न आहे. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा, बोटं तीच. पण कागदाच्या डोक्यावर ठळक लिहा: सा काळी दोन, कॅपो १, आकार डीचा. नाहीतर कुणी कीबोर्ड घेऊन येतो, कागदावर डी दिसली की डीच वाजवतो, आणि मग खरोखरच सगळं बेसूर होतं. आमच्याकडे एका चवथीला आरतीच्या वेळी हे झालेलं आहे. कागदावर कॅपो लिहायचा राहिला होता.

गळ्याचंही बघून घ्या. तुमचं गाणं मंद्र पंचमापासून तार सापर्यंत जातं. काळी दोनला मुलींना वरचा सा पोचतो का?

सावळी
पोचेल. अर्ध्या सुराने काही बिघडत नाही. उलट मुलांना खालचा पंचम जरा सोपा होईल. काळी चार वगैरे घेतली असती तर मुली वर किंचाळल्या असत्या.

घुमटवाला
एक माझ्याकडून. ट्यूनर हिरवा दाखवतो यावर फार विसंबू नका. जुन्या पेट्या ट्यूनरच्या मापाला जुळतीलच असं नाही, कित्येक थोड्या वर-खाली असतात. पेटीचा सा धरून ठेवायला सांगा आणि गिटारची चौथी तार कॅपो लावून त्याला मिळवा, बाकीच्या त्या तारेवरून. आणि मिळवायचं देवळात पोचल्यावर, घरी नाही. श्रावणातल्या दमट हवेत तारा सुरातून हलतात. आमच्या घुमटाचं कातडंही पावसात ढिलं पडतं, शेकून घ्यावं लागतं; पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं.

घुमट आहे का तुमच्याकडे? असेल तर गिटारच्या खालच्या तारांवर जोर देऊ नका. दोघांचा घुमारा एकाच जागी येतो आणि दोन्ही ऐकू येत नाहीत.

चिखलकालो
घुमट आरतीला आहे, या गाण्याला नाही. पण पेटीचा सा हे लक्षात ठेवतो.

शेवटचा प्रश्न. आमच्याकडे भजन शेवटी दुगुणीत जातं. तबलजी लय चढवत नेतो आणि पोरांना तेच आवडतं. त्या वेगाला हा पॅटर्न बसत नाही, हात गुंततो.

सहा_तारा
बसवूच नको. लय चढायला लागली की चढते घाव टाकून दे, फक्त खाली: एक, तीन, पाच, सात. (खाली म्हणजे हात खाली!) अजून चढली तर एक आणि पाच, आणि एकदम वर गेली की नुसती सम. पोरांना वाटतं वेग वाढला म्हणजे हात जोरात. उलट आहे, हात कमी करायचा. तबला भरतोच आहे. आणि कोण आधी उतरणार ते आधीच ठरव. एक आठ मात्रांत आणि दुसरा चारात राहिला तर गडबड होते. तबलजीच्या एखाद्या ठरलेल्या तिहाईनंतर दोघांनी मिळून उतरायचं.

पेटीकार
हे माझ्यापेक्षा त्यांनी चांगलं सांगितलं. फक्त पाचव्याचा घाव दुगुणीत हलका ठेवा. तो समेइतका जोरात पडला की ऐकणाऱ्याला सम कुठली ते कळेनासं होतं, टाळ वाजवणारे फसतात. टाळवाले एकदा फसले की त्यांना परत आणणं तबलजीच्याही हातात राहत नाही.

चिखलकालो
सुधारलेला कागद. काही चुकलं असेल तर सांगा, उद्या झेरॉक्स काढायची आहे.

```
सा = काळी दोन   कॅपो १   आकार D चा
"तुझ्या दारी" पहिल्यांदा: गिटार नाही, टाळी

मात्रा:      १ २ ३ ४ | ५ ६ ७ ८
हात:        ↓ . ↓ ↑ | . ↑ ↓ ↑

मुखडा:      [D] उभे आम्ही   | रिते हात
            [A] जोडोनी      | तुझ्या दारी
शेवटचा:     [A] जोडोनी      | [D] नको सोने
अंतरा १:    सा-प, तीन तारा, शेवटपर्यंत
अंतरा २:    [C] नको नाणे    | [G] नाम तुझे
            [D] ओठी दे      | [A] तुझ्या दारी

दुगुण: तिहाईनंतर ↓ फक्त १ ३ ५ ७, मग १ ५, मग १
```

सहा_तारा
ओळ समेपासून सुरू केलीस हे बेस्ट. पोरांना वाचताना दोन दिवस विचित्र वाटेल, पण हात चुकणार नाही.

सावळी
गाणाऱ्यांना हा कागद देऊ नका हं. त्यांना ओळ सरळच द्या, 'तुझ्या दारी'पासून. नाहीतर ती 'उभे आम्ही'वरून गायला सुरुवात करतील.

पेटीकार
खरंय, दोन कागद करा. आणि अंतरा १ मध्ये एक राहिलं: सा-प 'शेवटपर्यंत' म्हणजे 'ओठी दे'पर्यंतच ना? पुढच्या 'तुझ्या दारी'ला तिथेही ए लागेल.

चिखलकालो
अरे हो! लिहितो. बरं झालं झेरॉक्सआधी सांगितलंत.

देवळाजवळचा
गिटारचं मला अजून पटलेलं नाही. पण पाळी साडेआठची आहे ना? येऊन ऐकतो.

चिखलकालो
या काका. साडेआठ म्हणजे आमच्याकडे पावणेनऊ. एका गिटारवाल्याचा हात अजून 'तुझ्या'वर उठतो, त्याला पुढच्या ओळीत तबलजीच्या शेजारी बसवतोय.